तीनदा सिलिकॉन मारूनही खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी का येतं?

प्रश्न: वाऱ्यासकट पाऊस आला की आमच्या लाकडी खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत येतं. नुसत्या सरळ पावसात काही होत नाही. बाहेरून तीनदा सिलिकॉन मारून झालं. दर वेळी एखादा महिना बरा जातो आणि मग पुन्हा तेच. झडपही आता चौकटीत अडकते. चौकट काढून नवी बसवावी का?

उत्तर:

चौकट नवी आणलीत आणि जुन्याच पद्धतीने बसवलीत, तर पुढच्या पावसात तीही गळेल. तुमच्या वर्णनातला मला सर्वात उपयोगी वाटलेला तपशील म्हणजे सरळ पावसात पाणी येत नाही, वाऱ्यात येतं. याचा अर्थ भिंत आणि चौकट यांच्यामध्ये वाट आधीपासून आहे. वारा फक्त त्या वाटेने पाणी ढकलतो. तेव्हा वाट कुठे आहे आणि त्यात शिरलेलं पाणी बाहेर न जाता आतच का उतरतं, हे आधी शोधायला हवं. झडप अडकणं हा त्याच पाण्याचा परिणाम असू शकतो किंवा वेगळं दुखणंही असू शकतं. त्याकडे शेवटी येतो.

काही गोष्टी पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. भिंत विटांची आहे की पोकळ ब्लॉकची, खिडकीवर छज्जा आहे का, चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी सपाट आहे की थोडी आत, यावर बरंच अवलंबून आहे. खाली जे लिहितो ते विटांची भिंत आणि लाकडी चौकट धरून.

वारा पाणी वर चढवतो

बहुतेकांना वाटतं पाणी खालीच जातं, म्हणून चौकटीखालची फट जरा उंचावर असली की काळजी नाही. वाऱ्यात तसं नसतं. वाऱ्याच्या अंगाला हवेचा दाब वाढतो, खोलीत तो कमी असतो, आणि या फरकामुळे फटीतलं पाणी आत ओढलं जातं. ढोबळ हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. त्याचा दाब २४० पास्कल येतो, आणि एवढा दाब पाणी साधारण २४ मिलीमीटर उचलून धरू शकतो. वारा ताशी १०८ किलोमीटरचा झाला की हाच आकडा ५५ मिलीमीटरवर जातो. प्रत्यक्षात खिडकीवर पूर्ण दाब पडतोच असं नाही, भिंतीच्या कोपऱ्यापाशी आणि वरच्या मजल्यावर तो जास्त जाणवतो, पण अंदाज यायला हे पुरे. तुमच्या खिडकीखालच्या दगडाला, म्हणजे सिलला, आतून १० मिलीमीटरचीच उंची असेल, तर पाणी ती सहज ओलांडतं.

यातून एक गोष्ट निघते. आतल्या बाजूचा सांधा हवाबंद असेल, तर फटीतला दाब बाहेरच्या दाबाएवढाच होतो आणि पाणी ओढून घ्यायला काही उरत नाही. म्हणून मी खिडकीला दोन ओळी धरतो. बाहेरची ओळ पाऊस झटकण्यासाठी, आतली ओळ हवा अडवण्यासाठी. मधल्या जागेत जे थोडं पाणी शिरेल, त्याला खालून बाहेर पडायला वाट ठेवायची. तुमच्याकडे तिन्ही वेळा बाहेरचीच ओळ भरली गेली. मागे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची जागा त्याच सिलिकॉनने बंद केली, त्यामुळे ते आतल्या बाजूने वाट काढतं. हे मी विश्वासाने सांगतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हेच करायचो. बाहेरून चारही बाजू छान बंद करून यायचो आणि महिनाभराने फोन यायचा.

आधी तपासणी, मग हातोडी

अशीच एक खिडकी मी दुरुस्त केली होती. साधारण १२०० बाय १५०० मिलीमीटरची चौकट, नऊ इंची विटांची भिंत, चौकट बाहेरच्या गिलाव्याशी सपाट. गळती खालच्या कोपऱ्यात. तिथे आम्ही जे केलं ते तुम्हालाही करता येईल.

नळाला पाइप लावून पाणी मारायचं, पण खालून वर. उलट केलंत तर वरचं पाणी खाली ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आधी फक्त सिलच्या पातळीवर दहा मिनिटं हलकी धार मारायची. आत एक जण कोरडा टिश्यू पेपर घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो. काही झालं नाही तर एक हात वर सरकायचं, पुन्हा दहा मिनिटं, असं करत शेवटी वरच्या आडव्या पट्टीपर्यंत. जी जागा तपासून झाली किंवा गळकी निघाली, ती प्लास्टिक आणि चिकटपट्टीने झाकून मगच पुढे जायचं. कंटाळवाणं काम आहे आणि अर्धा दिवस जातो, पण त्यानंतर अंदाजाने फोडाफोड करावी लागत नाही.

त्या खिडकीत सिलवर धार मारल्यावर चौथ्या मिनिटाला टिश्यू ओला झाला. घरमालक म्हणाले, सापडलं. मी म्हटलं, थांबा. ती जागा झाकून वर गेलो. बगला कोरड्या राहिल्या. वरच्या पट्टीपाशी पाणी मारायला लागल्यावर जवळजवळ वीस मिनिटांनी त्याच खालच्या कोपऱ्यात पुन्हा ओल आली. म्हणजे पाणी शिरायच्या जागा दोन होत्या आणि बाहेर दिसायची जागा एकच. वरच्या फटीतलं पाणी चौकटीच्या पाठीमागून, उभ्या खांबाच्या कडेने खाली येत होतं. पहिल्याच शोधावर थांबलो असतो, तर दुरुस्ती अर्धीच राहिली असती.

या तपासणीत चौकटीपासून दूर, भिंतीवरच्या भेगेवर पाणी मारल्यावरच ओल आली, तर दोष खिडकीचा नाही. तिथे चौकटीवर कितीही मेहनत घेतलीत तरी उपयोग नाही, आधी गिलावा बघावा लागेल.

चौकटीखालची जागा

चौकट काढल्यावर दिसलं ते असं: खिडकीखाली ग्रॅनाइटची पट्टी अगदी सपाट बसवलेली, आणि चौकट तिच्यावर सिमेंटात टेकवलेली. दगडावर पडलेलं पाणी अर्धं बाहेर, अर्धं आत. शिवाय चौकटीच्या खालच्या लाकडाला पाठीमागून कधी रंगच लागला नव्हता, ते काळं पडलं होतं.

आम्ही दगड उचलून खालचा थर पुन्हा केला. बाहेरच्या बाजूला उतार दहाला एक. म्हणजे १५० मिलीमीटर रुंदीच्या सिलला १५ मिलीमीटर. याहून कमी उतार डोळ्यांना चालतो, पाण्याला चालत नाही. आतल्या कडेला ४० मिलीमीटर उंचीची सलग पाळ घेतली आणि दोन्ही टोकांनाही तशीच लहान पाळ वळवली. टोकांची पाळ बहुतेक जण विसरतात. सिलवरचं पाणी वाऱ्याने आडवं सरकतं आणि टोकाला भिंतीत शिरतं, म्हणून गळती बरोब्बर कोपऱ्यातच दिसते. या सगळ्यावर, आणि बगलांवर साधारण १५० मिलीमीटर उंचीपर्यंत, सिमेंट-पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग दोन हातांत मारलं. पहिला हात एका दिशेने, वाळल्यावर दुसरा त्याला आडवा.

नवी दगडी पट्टी या पाळीच्या पुढे, त्याच उताराने बसवली. ती भिंतीबाहेर ४० मिलीमीटर काढली आणि तिच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडं आत बोटभर रुंदीची खाच मारून घेतली. ही खाच नसेल तर पाणी दगडाच्या खालून चिकटून चिकटून भिंतीपर्यंत येतं. खिडकीवरच्या गिलाव्याच्या खालच्या कडेलाही अशीच खाच लागते. त्या खिडकीला वर खाच नव्हतीच, म्हणून वीस मिनिटांनी का होईना, पाणी चौकटीच्या माथ्यावर पोहोचलं.

आणि चौकट शक्य असेल तर बाहेरच्या कडेपासून ७५ ते १०० मिलीमीटर आत घ्या. सपाट बसवलेल्या चौकटीचा सांधा पावसाच्या थेट तोंडी असतो. आत घेतलेल्या चौकटीला भिंतच थोडा आडोसा देते. आमच्या घरमालकांना आतली कट्ट्याची जागा कमी होणं पसंत नव्हतं, त्यावर बराच वाद झाला. शेवटी ७५ वर तडजोड झाली.

चौकट धरायची कुठे

वारा चौकटीला नुसता ढकलत नाही, झोत ओसरताना बाहेरही ओढतो. ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्यात १.८ चौरस मीटरच्या खिडकीवर शंभर किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो दर झोताला उलटसुलट होतो. चौकट जरा जरी हलत असेल, तर भोवतीचा सांधा दर वेळी ताणला जातो आणि सीलंट एका बाजूने सुटतं. तुमचा ‘महिनाभर बरं’ हा अनुभव मला यामुळेच पटतो.

आम्ही भिंतीतलं भोक १२२० बाय १५२० चं ठेवलं, म्हणजे चौकटीभोवती सगळीकडे १० मिलीमीटर फट. ही फट मुद्दाम हवी. चौकट ठोकून घट्ट बसवली तर लाकडाला फुगायला जागा राहत नाही आणि सीलंटलाही ताणायला जाडी मिळत नाही. प्रत्येक उभ्या खांबाला तीन ठिकाणी फ्रेम स्क्रू मारले. दोन कोपऱ्यांपासून दीडशे-दीडशे मिलीमीटर सोडून आणि एक बरोबर मध्ये. असं केल्यावर दोन स्क्रूंमधलं अंतर ६०० येतं, त्याहून जास्त मी ठेवत नाही. वरच्या आडव्या लाकडाला तोच नियम. स्क्रू विटेत निदान ५० मिलीमीटर गेला पाहिजे आणि त्यात गिलाव्याची जाडी धरायची नाही. गिलावा काही धरून ठेवत नाही. विटांच्या सांध्यात भोक आलं तर ते सोडून थोडं वर-खाली घ्या.

खालच्या लाकडातून मात्र एकही स्क्रू नाही. आत्ताच केलेल्या वॉटरप्रूफिंगला आपणच भोक कशाला पाडायचं? खालचं लाकूड ८ मिलीमीटरच्या प्लास्टिक पॅकिंगवर टेकवलं आणि आतल्या पाळीच्या मागून लहान कोनपट्टीने धरलं. पॅकिंग लाकडी पाचरीचं नको. ते ओलं होऊन फुगतं, मग वाळून सैल पडतं.

स्क्रू आवळताना एक चूक फार होते. स्क्रूच्या जागी चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पॅकिंग नसेल, तर आवळताना खांब भिंतीकडे ओढला जातो आणि मध्ये वाकतो. म्हणून पॅकिंग आधी, स्क्रू नंतर, आणि प्रत्येक स्क्रूनंतर ओळंबा पुन्हा बघायचा. दोन्ही कर्ण मापले की चौकट काटकोनात आहे का ते कळतं, पण पीळ कळत नाही. पिळासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणा. मध्यभागी त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट राहिली, किंवा एक दुसरीला दाबायला लागली, तर एक कोपरा पुढे-मागे आहे. खात्रीसाठी वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघा.

फटीत पीयू फोम भरून मोकळं व्हायची सवय आता सगळीकडे दिसते. फोम हवा आणि आवाज बऱ्यापैकी अडवतो, पण तो चौकट धरत नाही, उघडा राहिला तर उन्हाने भुसभुशीत होतो, आणि एकदम जास्त भरला तर फुगून खांब आत वाकवतो. वापरायचाच असेल तर स्क्रू झाल्यावर, थोडा थोडा, आणि खालच्या फटीत अजिबात नाही.

सीलंट कधी टिकतं

१० मिलीमीटरच्या फटीत मी १२-१३ मिलीमीटर जाडीची फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवतो आणि तिच्यावर ६ मिलीमीटर जाडीचं सीलंट घालतो. रॉडला सीलंट चिकटत नाही, हाच तिचा उपयोग. सीलंटने फक्त दोन बाजू धरायच्या, भिंत आणि चौकट. तळालाही चिकटलं तर त्याला ताणता येत नाही आणि ते मधोमध फाटतं. तुमच्याकडे कोपऱ्यात नुसती त्रिकोणी पट्टी ओढली असणार, आणि तीही धुळीच्या गिलाव्यावर. असं सिलिकॉन नखाने सोलून निघतं. निघतंय का ते आज बघा.

एक गोष्ट दुकानात विचारून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, त्यातलं आम्ल गिलाव्याशी झगडतं. न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन किंवा पीयू सीलंट घ्या. लाकूड रंगवायचं असेल तर पीयू बरं, कारण साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय नवं त्यावर चढवू नका.

आतून चारही बाजू सलग बंद करायच्या. बाहेरून दोन्ही बगला आणि माथा. खालची बाहेरची फट उघडी सोडायची, किंवा दिसायला बरी वाटत नसेल तर तिथे सीलंट भरून दोन ठिकाणी २५-२५ मिलीमीटरच्या मोकळ्या जागा ठेवायच्या. काम झाल्यावर रंगारी येतो आणि त्या जागा प्रेमाने बुजवून जातो. त्याला आधीच सांगून ठेवा. यूपीव्हीसी आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांमध्ये रुळाला बारीक भोकं असतात तीही याचसाठी, आणि तीही अशीच बुजवलेली मला नेहमी सापडतात.

आता झडप

झडप कुठे अडकते ते खडूने बघा. चौकटीच्या आतल्या कडेला खडू घासा, झडप लावून उघडा, झडपेवर खूण कुठे उमटते ते पाहा. कडीच्या बाजूच्या पूर्ण उंचीवर सारखी खूण असेल तर लाकूड फुगलं आहे. वरच्या किंवा खालच्या एकाच कोपऱ्यात असेल तर चौकट काटकोनातून गेली आहे किंवा बिजागरी ढिली आहे. आणि झडप लावल्यावर एक कोपरा चौकटीपासून सुटा राहत असेल, तर पीळ आहे.

फुगण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. साध्या लाकडातली ओल एक टक्क्याने वाढली की रुंदी सुमारे पाव टक्का वाढते. सागवानात याहून कमी. झडपेचे दोन उभे तुकडे ९० मिलीमीटरचे असतील आणि ओल १२ वरून १८ टक्क्यांवर गेली, तर दोन्ही मिळून २.७ मिलीमीटर वाढ होते. बिजागरीची बाजू जागच्या जागी अडकलेली, म्हणून सगळी वाढ कडीच्या बाजूला येते, आणि तिथे फट असते ३ मिलीमीटरची. त्यावर रंगाचे चार जुने थर चढलेले असले की झडप अडकणारच.

म्हणून पावसात रंधा मारू नका. वाळल्यावर तीच झडप सैल होईल आणि वाऱ्यात वाजेल. आधी गळती थांबवा, लाकूड महिना-दीड महिना वाळू द्या, मग बघा. तेव्हाही अडकत असेल तर तासून घ्या आणि तासलेली कड त्याच दिवशी रंगवा. झडप उतरवलीत की खालची आणि वरची कड जरूर पाहा. बहुतेक ठिकाणी तिथे कोरं लाकूड असतं. उभ्या तुकड्यांची टोकं तिथे उघडी पडतात आणि रुंद बाजूपेक्षा टोकातून लाकूड कितीतरी जास्त पाणी पितं. चौकटीच्या खांबांचंही तसंच. बसवण्याआधी सहाही बाजू रंगवायच्या, टोकांना प्रायमरचा जादा हात, पाठीला बिटुमेनचा काळा रंग चालतो. दाराच्या चौकटीचे खांब जमिनीत गाडायची पद्धत याचमुळे खालून कुजते. मी खांबाचं टोक लादीपासून थोडं वर ठेवतो.

पीळ मात्र वाळून सहसा जात नाही. लाकूड नीट न वाळवता वापरलं असेल, किंवा एका बाजूला रंग आणि दुसरी कोरी असेल, तर झडप वळते. थोडा पीळ बिजागरी पुढे-मागे करून झाकता येतो, ५-६ मिलीमीटरच्या पुढे गेला तर झडप बदलणं स्वस्त पडतं.

तुमच्यासाठी क्रम

चौकट टाकायची की ठेवायची हे टोच्याने ठरवा. खालच्या लाकडात आणि खांबांच्या पायाशी टोच्या दाबा. तो ५-६ मिलीमीटर सहज आत गेला तर तेवढं लाकूड कुजलं आहे. नुसतं खालचं लाकूड गेलं असेल तर सुतार तेवढंच बदलून देईल. टणक असेल तर हीच चौकट काढून, पाठ रंगवून परत बसवा.

आधी पाइपाची तपासणी करा, खालून वर. पाणी फक्त माथ्यातून येत असेल, तर कदाचित चौकट काढावीच लागणार नाही. वरची खाच, माथ्याचा सांधा आणि आतून चारही बाजूंचं सीलंट यावर काम भागेल, फक्त खालच्या बाहेरच्या कडेचं सिलिकॉन काढून टाका. सिलपाशी पाणी येत असेल तर चौकट उचलल्याशिवाय मला तरी पक्का उपाय माहीत नाही. तोपर्यंत पाऊस काढायचा असेल तर एवढंच करा: बाहेरून खालच्या फटीतलं सिलिकॉन दोन ठिकाणी बोटभर कापा आणि आतली बाजू बंद करा. पाणी कमी झालं तर वाट कुठे होती ते तुम्हाला कळलंच. तपासणीत काय निघालं आणि टोच्या किती गेला, ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.